बी.कॉम.नंतर सप्लाय चेन: प्लॅनिंग, खरेदी, गोदाम की ट्रान्सपोर्ट?

‘सप्लाय चेन एक्झिक्युटिव्ह, कोणताही पदवीधर, भिवंडी.’ नोकरीच्या ॲपवर अशी जाहिरात अनेकदा दिसते. पण या एकाच नावाखाली चार वेगळी कामं येतात, आणि पहिलं काम कोणतं मिळालं यावर पुढची वाट बरीचशी ठरते.

मुळात ही गोदामं एवढी मोठी का झाली? 2017 पर्यंत आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो टाळायला कंपन्या राज्याराज्यांत छोटे डेपो ठेवत. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि हे कारण संपलं. अनेक डेपोंऐवजी मोजकी मोठी गोदामं परवडू लागली. मुंबई आणि न्हावा शेवा बंदर जवळ असल्याने भिवंडीला त्याचा फायदा झाला.

आता चारही कामं एका उदाहरणातून पाहू. समजा, एक कंपनी भिवंडीतून मिक्सर विकते.

प्लॅनिंग : कधी आणि किती मागवायचं?

रोज 40 बॉक्स विकले जातात आणि पुरवठादार माल द्यायला 10 दिवस घेतो. म्हणजे 400 बॉक्स लागणारच. त्यात 5 दिवसांचा राखीव साठा, म्हणजे 200 बॉक्स मिळवले की साठा 600 वर येताच ऑर्डर द्यायला हवी. प्लॅनरचं रोजचं काम हेच, बहुतेक वेळ एक्सेलवर. अंदाज वर चुकला तर पैसे गोदामात अडकतात, खाली चुकला तर ऐन दिवाळीत माल नसतो. या जागेवर फ्रेशरला सहसा थेट घेत नाहीत.

खरेदी : कोणाकडून घ्यायचं?

पहिल्या पुरवठादाराचा दर 2,000 रुपये, वाहतूक वेगळी 60 रुपये, उधारी 15 दिवस. दुसऱ्याचा पोहोच दर 2,050 रुपये, उधारी 45 दिवस. दिसायला पहिला स्वस्त, पण प्रत्यक्षात दुसरा 10 रुपयांनी स्वस्त पडतो आणि पैसे महिनाभर जास्त हातात राहतात.

कॉमर्सवाल्याचा खरा उपयोग इथे होतो. पुरवठादाराने रिटर्न भरलं नाही, तर त्याचं बिल कंपनीच्या GSTR-2B मध्ये दिसत नाही आणि टॅक्स क्रेडिट अडकतं. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसल्यास 15 दिवसांत द्यावं लागतं. मुदत उलटून ते मार्चअखेर थकलं, तर 2023 च्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीनुसार त्या वर्षीच्या उत्पन्नातून तो खर्च वजा होत नाही.

गोदाम : माल खरंच आहे का?

सिस्टीम 600 बॉक्स दाखवते, मोजल्यावर 570 भरतात. 30 बॉक्स म्हणजे पाऊण दिवसाची विक्री. कधी आवक दोनदा नोंदलेली असते, कधी परत आलेला माल भलत्याच रॅकवर ठेवलेला असतो. हा फरक शोधणं म्हणजे कॉलेजात शिकवलेलं बँक रिकन्सिलिएशनच, फक्त पैशांऐवजी बॉक्सचं. शिफ्ट, रात्रपाळी आणि दिवसभर उभं राहणं ही याची किंमत आहे. पण फ्रेशरला दार बहुतेकदा इथेच उघडतं.

ट्रान्सपोर्ट : वेळेत आणि किती भाड्यात?

समजा, नागपूरच्या ट्रकचं भाडं 36,000 रुपये आहे. 600 बॉक्स भरले तर बॉक्समागे 60 रुपये पडतात, 400 च भरले तर 90. कागदही तितकेच महत्त्वाचे. ई-वे बिलाला साधारण मालासाठी दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे 800 किलोमीटरला 4 दिवस. ट्रक बंद पडून दुसरा लावला, तर नवा नंबर बिलात भरावा लागतो, नाहीतर माल अडवला जाऊ शकतो. फोन रात्रीही वाजतो.

मग निवड कशी करायची?

गोदामात साठ्याचा हिशेब सांभाळलेला माणूस पुढे प्लॅनिंगकडे वळू शकतो, कारण आकडे कुठे खोटं बोलतात हे त्याला माहीत असतं. ट्रान्सपोर्टची बिलं तपासणारा भाड्याचे दर ठरवण्याकडे, म्हणजेच खरेदीकडे जाऊ शकतो. मात्र दोन वर्षं नुसती बिलं टाइप केली, तर तेवढ्या अनुभवावर पुढचं दार सहसा उघडत नाही.

म्हणून मुलाखतीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पगार कंपनीच्या पे-रोलवर की कंत्राटदाराच्या? साठ्यातला फरक किंवा भाड्याचं बिल तपासायचं काम मिळणार की फक्त एन्ट्री? आणि याआधी या जागेवर असलेला माणूस आता कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पदाच्या नावापेक्षा जास्त सांगून जातं.