ट्रॉलीच्या चित्रात एक बाण जास्त

डिप्लोमाला असलेली आपली मुले फ्री बॉडी डायग्रॅममध्ये पुष्कळदा एक बाण जास्त काढतात. भोसरीतल्या एखाद्या शॉपमधली मालाची ट्रॉली घ्या. मालासकट २०० किलो. कामगार तिला १०० न्यूटन बलाने पुढे ढकलतो, घर्षण ४० न्यूटनने मागे ओढते. वजन आणि फरशीचा आधार एकमेकांना तोलून धरतात. उरले ६० न्यूटन, त्वरण ०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. ट्रॉली चालू लागते.

ट्रॉलीही कामगाराच्या हातांना १०० न्यूटनने मागे रेटते. न्यूटनचा तिसरा नियम तसे सांगतोच. पण तो बाण याच चित्रात काढला, की हिशेब उणे ४० येतो. म्हणजे उभी ट्रॉली ढकलणाऱ्याच्याच अंगावर यायला हवी! असे कोणत्या शॉपमध्ये घडते?

तेव्हा प्रत्येक बाणाला विचारावे, बल कोण लावतो आणि कोणावर? उत्तर ‘ट्रॉलीवर’ नसेल तर बाण खोडावा. हातांवरचा बाण कामगाराच्या चित्रात जातो. तिथेच बुटांना पुढे रेटणारे फरशीचे घर्षणही येते. फरशीवर तेल सांडले की तेच कमी पडते आणि पाय घसरतो.