पेमेंट एकच, विक्रेते दोन: पैसे कसे वाटले जातात?

समजा, तुम्ही एका ॲपवरून ७०० रुपयांचा शर्ट आणि ३०० रुपयांची चार्जिंग केबल मागवली. विक्रेते दोन, पण यूपीआयमधून एकदाच १,००० रुपये कटले. मग वाटणी करतं कोण?

हे पैसे थेट विक्रेत्याकडे जात नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पेमेंट ॲग्रिगेटर कंपनीला ते बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागतात. तिथे सगळ्यांचे पैसे एकत्रच असतात. वाटणी होते ती हिशेबात. शर्टवाल्याच्या नावे ७००, केबलवाल्याच्या नावे ३००. कमिशन १०% धरलं, तर शर्टवाल्याचे ७० रुपये आणि त्यावरच्या जीएसटीचे १२.६० रुपये वजा होतात. उरले ६१७.४०. त्यातूनही टीडीएस-टीसीएसची किरकोळ कपात होते.

तेही लगेच मिळतील असं नाही. करारात तसं ठरलं असेल, तर माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत पैसे थांबवता येतात. छोट्या विक्रेत्याचं भांडवल यात अडकतं, तरी मला हा उशीर रास्त वाटतो. तुम्ही मुदतीत केबल परत केलीत, तर फक्त ३०० रुपयांची नोंद उलटते, शर्टवाल्याला धक्का लागत नाही.

खरी पंचाईत होते ती केबलवाल्याला पैसे आधीच दिले असतील तर. त्याची शिल्लक उणे होते आणि पुढच्या विक्रीतून वसुली करावी लागते. त्याने मधेच दुकान गुंडाळलं, तर तुमच्या रिफंडचा भुर्दंड बहुधा मार्केटप्लेसच्या गळ्यात पडतो. नव्या विक्रेत्याला पैसे देताना ॲपवाले हात आखडता घेतात, ते याच भीतीने.