पेटीवाल्याचा डावा अंगठा

भाऊबीज आटोपली की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत माझ्या दवाखान्यात एक रुग्ण हमखास येतो. मनगटाला रुमाल आवळलेला असतो, बामाचा वास येत असतो.

मागे लाखांदूर तालुक्यातील एक पेटीवाले असेच आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, घरी तीन एकर धान. "डाक्टरसाहेब, डाव्या आंगठ्याच्या बुडाशी कळ मारते जी. कप उचलवत नाही." तीन रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत पेटी वाजवली, त्यानेच झाले, असे त्यांचे म्हणणे. मी विचारले, त्याआधी काय करत होता? पावसाळाभर आठवड्यातून एकदा तासभर भजन, आणि मंडईच्या आधी सलग आठ दिवस धानाची कापणी.

खरी गोम इथे आहे. कापणीत उजव्या हातात विळा असतो आणि डाव्या मुठीत धानाचा चूड. अंगठा ताणून दिवसभर हजारदा ती मूठ आवळावी लागते. त्याच हाताने लगेच रात्रभर भाता मारायचा. अंगठा बाजूला उघडणाऱ्या दोन शिरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, मनगटापाशी एका अरुंद म्यानातून जातात. घर्षणाने म्यान जाड होते, दोऱ्या अडतात आणि कळ निघते. ओळखायची रीत सोपी आहे. अंगठा तळहातावर दुमडून त्यावर मूठ मिटा आणि मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. दुसऱ्या हातापेक्षा अंगठ्याच्या बाजूला तीव्र कळ आली, तर बहुधा हेच दुखणे. एकदाच करून पाहा, पुन्हा पुन्हा नको.

मी त्यांना पेटी घेऊन यायला सांगितले, तेव्हा ते हसले. पण पेटी आणल्यावर दुसरे कारण सापडले. स्टॉपर बंद करून, एकही पट्टी न दाबता भाता भरला, तर हवा बराच वेळ टिकायला हवी. यांचा भाता पाहता पाहता उतरला. घडीजवळ चामडे फाटले होते. सूर धरायला ते दुप्पट वेळा भाता मारत होते! पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे जा, हे माझ्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहावे लागले.

हाताचा उपचार असा झाला. तीन आठवडे अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा, दिवसातून दोन-तीनदा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे, आणि चूड धरणे, कपडे पिळणे बंद. एवढ्याने कमी न झाल्यास म्यानात इंजेक्शन देता येते. मधुमेह्यांची साखर त्याने काही दिवस वाढते, म्हणून आधी सांगावे. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. गोळी खाऊन पुन्हा पेटीवर बसण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. गोळीने कळ झाकली जाते, घर्षण चालूच राहते.

कळ ओसरल्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात केली आणि दर दोन दिवसांनी पाच मिनिटे वाढवली. दुसऱ्या सकाळी हात दुखला तर मागच्या पायरीवर परत. बसण्यापूर्वी कोमट पाण्यात हात, मग पाच मिनिटे संथ लयीत साधे सूर. "रियाजाने हात आपोआप मोकळा होतो" असे जुने उस्ताद म्हणतात ते संथ रियाजापुरते खरे. थंड हाताने द्रुत लयीत सुरुवात केली तर नाही.

तबलजींचे थोडे वेगळे. दवाने पुडी उतरते, आवाज बसतो आणि गडी हाताने जोर लावतो. तर्जनी किनारीवर आपटून आपटून सुजते, डग्गा दाबून मनगट भरून येते. हातोडीने तबला पुन्हा चढवावा, माईक जवळ सरकवावा. बोटांचा जोर वाढवू नये. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल, तर ते मनगटात नस दबल्याचे लक्षण असू शकते. तेव्हा बामावर दिवस काढू नका, दाखवा.

राहिली रात्रीची वाटणी. सलग सात तास एकाच पेटीवाल्याला बसवणे मला चुकीचे वाटते. माझ्या या रुग्णाने पुढच्या मंडईत पुतण्याला जोडीला बसवले. पाऊण तास आपण, पाऊण तास तो, आणि कापणीचे शेवटचे दोन दिवस मजूर लावला. मंडळातले काही जण कुरकुरले. पुतण्या सुरात थोडा कच्चा होता, हेही खरे. पण त्या वर्षी डिसेंबरात ते दवाखान्यात आले ते पत्नीच्या खोकल्यासाठी. हाताला रुमाल नव्हता.