गल्लीचं उत्पन्न: सरासरी नको, मध्यक लिहा

मोहल्ल्याच्या घरोघरी सर्वेक्षणाचा तक्ता माझ्यासमोर आला तेव्हा त्याच्या तळाशी एक ओळ होती: कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न ३०,००० रुपये. वस्ती यंत्रमाग कामगारांची. हा आकडा निवेदनात गेला असता, तर समोरच्या अधिकाऱ्याने सरळ म्हटलं असतं, मग तुमची अडचण काय आहे?

म्हणून मी एका गल्लीची ११ घरं चढत्या क्रमाने लावली. (कुणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत.) ९,०००, १०,५००, ११,०००, १२,०००, १२,५००, १३,०००, १४,०००, १५,०००, १६,०००, २२,००० आणि १,९५,०००.

बेरीज ३,३०,०००, भागिले ११, म्हणजे ३०,०००. हिशेब चोख आहे. पण ११ पैकी १० घरं या ‘सरासरी’च्या खाली आहेत आणि वर आहे फक्त एक, कारखानदाराचं. सरासरीच्या वर किती घरं आहेत हे आधी मोजा. एखाद-दुसरंच निघालं, तर तक्ता एका बाजूला कललेला आहे असं समजा.

यावर पहिली सूचना नेहमी अशी येते की ते मोठं घर काढून टाकू. मला ती मान्य नाही. आधी फॉर्म तपासायचा: १९,५०० लिहिताना एक शून्य जास्त पडलं का? कारखानदाराने उत्पन्न सांगितलं की उलाढाल? सूत, वीजबिल आणि मजुरी वजा न करता सांगितलेला आकडा उत्पन्न नसतोच, आणि हा घोटाळा यंत्रमागाच्या वस्तीत फार होतो. इथे आम्ही पुन्हा जाऊन विचारलं. आकडा खर्च वजा जाता होता, म्हणजे खरा होता. मग ते घर काढण्याचा आपल्याला अधिकार नाही. तेही याच गल्लीत राहतं, आणि आपल्या सोयीने घरं गाळायला लागलो तर उद्या आपल्या तक्त्यावर विश्वास कोण ठेवेल?

घर ठेवायचं, माप बदलायचं. दहावीच्या गणितात शिकलेला मध्यक इथे कामी येतो. क्रमाने लावलेल्या ११ घरांतलं सहावं घर घ्या: १३,००० रुपये. पाच घरं त्याच्या खाली, पाच वर. घरांची संख्या सम असेल तर मधल्या दोन आकड्यांची सरासरी घ्यायची. शीटमध्ये हाताने क्रम लावायचीही गरज नाही:

```
=AVERAGE(B2:B12)
=MEDIAN(B2:B12)
```

आता कारखानदाराचं उत्पन्न दुप्पट झालं, ३,९०,००० झालं असं धरा. सरासरी उडी मारून ४७,७२७ वर जाते. बाकीच्या दहा घरांत एक रुपयाही जास्त आलेला नाही. मध्यक मात्र १३,००० वरच राहतो, कारण तो सहाव्या घरात काय आहे एवढंच पाहतो. अकराव्या घरात किती जास्त आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हा फरक कागदापुरता नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख रुपये ठरवलेली होती. सरासरी धरली तर आपल्या गल्लीचं वर्षाचं उत्पन्न ३,६०,००० होतं, म्हणजे जणू सगळी गल्लीच मर्यादेबाहेर. मध्यक धरला तर १,५६,०००. आणि घरं एकेक मोजली तर ११ पैकी ९ मर्यादेच्या आत बसतात. निवेदनात मी मध्यकाशेजारी ही ९ घरंही लिहीन, कारण ती वाचणाऱ्याला लगेच समजतात.

मध्यकाची मर्यादाही ठाऊक हवी. सर्वांत खालच्या दोन घरांची कमाई उद्या ५,००० वर आली तरी मध्यक हलणार नाही. त्यामुळे सर्वांत गरीब घरांची गोष्ट सांगायची असेल तर तळाची घरं वेगळी दाखवावी लागतात. गल्लीचं एकूण उत्पन्न हवं असेल तिथेही मध्यक चालत नाही: १३,००० गुणिले ११ म्हणजे १,४३,०००, आणि खरी बेरीज आहे ३,३०,०००. दोन गल्ल्यांचे मध्यक मिळवून दोनाने भागू नका. दोन्हीकडची घरं एका यादीत आणून मधलं घर नव्याने शोधा.

तक्त्यातली ‘सरासरी’ची ओळ मी खोडलेली नाही. तिच्या वर आता मध्यकाची ओळ आहे, आणि एका घराच्या आकड्यामुळे दोन्हींत १७,००० चा फरक पडतो, हे शेजारी लिहिलं आहे.