तंजावरच्या भूजलाचा प्रश्न : हानी ‘ज्ञात’ की ‘अज्ञात’, हे ठरवायचे कोणी?

तंजावर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जमिनीखालील वायू आणि लिग्नाइट काढण्याचे प्रस्ताव गेल्या दीड दशकात अनेकदा आले आणि बहुतेक वेळा मागे घेण्यात आले. हा संघर्ष सहसा शेतकरी विरुद्ध प्रकल्प असा मांडला जातो. प्रशासकीय निर्णयाच्या दृष्टीने मात्र त्याच्या मुळाशी एक नेमका कायदेशीर प्रश्न आहे. एखाद्या प्रकल्पाला सावधगिरीच्या तत्त्वाची कसोटी लावायची की शाश्वत विकासाची, आणि ती कोणत्या टप्प्यावर लावायची, हा तो प्रश्न होय.

ही दोन्ही तत्त्वे भारतीय कायद्यात ठामपणे रुजली ती तमिळनाडूतीलच एका प्रकरणातून. पालार नदीचे पाणी दूषित करणाऱ्या चर्मोद्योगांविरुद्धच्या वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये निर्णय दिला. वैज्ञानिक निश्चिती नाही, हे गंभीर हानी रोखणारे उपाय लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि आपली कृती निर्धोक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती करणाऱ्यावर असते, असे न्यायालयाने सांगितले. राष्ट्रीय हरित लवाद कायदा, 2010 च्या कलम 20 नुसार लवादाला निर्णय देताना ही तत्त्वे लावणे बंधनकारक आहे. त्यामुळे परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णयही अखेरीस याच मोजपट्टीवर तपासला जातो.

या दोन तत्त्वांमधील सीमारेषा नर्मदा बचाव आंदोलन प्रकरणात 2000 मध्ये स्पष्ट झाली. हानीची व्याप्ती अज्ञात असेल तेथे सावधगिरीचे तत्त्व लागू होते आणि पुराव्याचा भार प्रकल्पकर्त्यावर जातो. परिणाम ज्ञात असतील तेथे शाश्वत विकासाची कसोटी लागते, म्हणजे उपाययोजना करून पर्यावरणीय समतोल राखता येईल का, हे पाहिले जाते. साहजिकच, परिणाम ‘ज्ञात’ आहेत असे एकदा गृहीत धरले की प्रकल्पाचा मार्ग पुष्कळ सोपा होतो.

तंजावर व तिरुवारूर जिल्ह्यांतील मन्नारगुडी गटाचे उदाहरण येथे बोलके आहे. सुमारे 690 चौरस किलोमीटर क्षेत्रात कोळशाच्या थरांतील मिथेन काढण्याचे हक्क 2010 मध्ये ग्रेट ईस्टर्न एनर्जी कॉर्पोरेशनला देण्यात आले. हा वायू पाण्याच्या दाबामुळे कोळशाला चिकटून राहतो. तो मोकळा करायचा तर आधी थरांतील पाणी दीर्घकाळ उपसावे लागते. त्रिभुज प्रदेशात समुद्र जवळ आहे आणि गोड्या पाण्याचे थर वाळू व चिकणमातीच्या आड एकावर एक पसरलेले आहेत. खोलवरच्या उपशाने वरच्या थरांची पातळी खालावेल का, समुद्राचे खारे पाणी आत सरकेल का, उपसलेल्या क्षारयुक्त पाण्याची विल्हेवाट कोठे लावायची, या प्रश्नांची उत्तरे विहीर खोदण्यापूर्वी कोणाकडेही नव्हती. शिवाय भूजल एकदा खारे झाले की ते पूर्ववत होण्यास पिढ्या लागू शकतात.

राज्य सरकारने जुलै 2013 मध्ये या प्रकल्पाचे काम स्थगित करून तज्ज्ञ समिती नेमली आणि समितीच्या शिफारशीनंतर ऑक्टोबर 2015 मध्ये प्रकल्पास कायमची मनाई केली. आधी थांबवणे, मग तपासणे आणि त्यानंतर कारणांसह निर्णय देणे, हा क्रम सावधगिरीच्या तत्त्वाच्या सर्वांत जवळ जाणारा होता. मात्र ही तपासणी हक्क बहाल झाल्यानंतर झाली, हेही तितकेच खरे.

पुढील वळण जानेवारी 2020 मध्ये आले. केंद्र सरकारने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत दुरुस्ती करून तेल व वायूच्या शोधकार्याला ‘बी-2’ गटात टाकले. या गटात परवानगी राज्यस्तरीय प्राधिकरण देते. सविस्तर परिणाम मूल्यांकन अहवाल आणि जनसुनावणी यांची गरज राहत नाही. प्रत्यक्ष उत्पादनासाठी पूर्वीची कठोर प्रक्रिया कायम आहे. शोधासाठीची विहीर तात्पुरती व मर्यादित असते, असा यामागील युक्तिवाद आहे. पारंपरिक तेलविहिरीपुरता तो काही अंशी पटण्याजोगा आहे. परंतु कोळशातील मिथेनच्या बाबतीत प्रायोगिक विहिरीतूनही पाणी उपसावेच लागते, कारण त्याशिवाय वायू किती मिळेल हे समजतच नाही. म्हणजे भूजलाची जोखीम ज्या टप्प्यावर सुरू होते, तोच टप्पा वर्गीकरणाने ‘ज्ञात’ ठरवला आणि सावधगिरीची कसोटी पुढच्या टप्प्यावर ढकलली. तोवर गुंतवणूक झालेली असते आणि माघार महाग पडते.

त्यानंतर महिनाभरातच तमिळनाडू विधानसभेने संरक्षित कृषी क्षेत्र विकास कायदा मंजूर केला. तंजावर, तिरुवारूर व नागपट्टिनम हे जिल्हे आणि कडलूर व पुदुकोट्टई जिल्ह्यांतील काही गट त्याच्या कक्षेत आले. मिथेनसह तेल व वायूचे नवे शोधकार्य, उत्खनन, धातू वितळवण्याचे कारखाने आणि चर्मोद्योग येथे निषिद्ध ठरले. प्रत्येक प्रस्तावावर स्वतंत्र वाद घालण्याऐवजी विधिमंडळाने येथे सावधगिरी सरसकट लागू केली. तथापि आधीपासून सुरू असलेल्या प्रकल्पांना हा कायदा हात लावत नाही. या खोऱ्यात अनेक दशके चाललेल्या तेल व वायू विहिरींचा एकत्रित परिणाम त्यामुळे कसोटीबाहेरच राहतो. शिवाय तेलक्षेत्रे व खनिज तेल हा केंद्राच्या सूचीतील विषय, तर शेती राज्याच्या सूचीतील. हा ताणही कायम आहे.

त्याची प्रचिती 2023 मध्ये आली. कोळसा मंत्रालयाने मार्चअखेर जाहीर केलेल्या लिलावाच्या यादीत तंजावर जिल्ह्यातील वडसेरीसह तीन लिग्नाइट गटांचा समावेश होता. मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून संरक्षित क्षेत्राच्या कायद्याकडे लक्ष वेधले. काही दिवसांतच केंद्रीय कोळसा मंत्री प्रल्हाद जोशी यांनी हे गट वगळल्याचे ट्विटरवरून जाहीर केले. लिग्नाइटबाबत परिणाम अज्ञात आहेत, असेही म्हणता येत नाही. उत्तरेकडील नेयवेलीच्या खाणीत लिग्नाइटखालील भूजलाचा दाब नियंत्रणात ठेवण्यासाठी सतत पाणी उपसावे लागते, हे सर्वज्ञात आहे. तेव्हा येथे प्रश्न शाश्वत विकासाचा होता : पाण्याची झीज आणि भातशेतीचे नुकसान कोणत्या उपायांनी भरून निघणार? त्याचे उत्तर तपासले जाण्याआधीच निर्णय राजकीय पातळीवर मिटला.

कारणांची नोंद नसलेला अनुकूल निर्णयही कच्चाच असतो, कारण उद्या तो तितक्याच सहजपणे फिरवता येतो. गोव्यातील मोपा विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये पर्यावरण मंजुरी स्थगित केली, ती तज्ज्ञ समितीने पर्यावरणीय बाबींचा पुरेसा विचार करून कारणे नोंदवली नव्हती म्हणून. समितीने फेरविचार केल्यावर जानेवारी 2020 मध्ये ही स्थगिती उठली. न्यायालयाने विकास नाकारला नव्हता. निर्णयाची पद्धत तपासली होती.

तंजावरसाठी यापुढील प्रत्येक आदेशात पाहण्याजोगी बाब हीच आहे. भूजलावरील परिणाम ज्ञात मानले की अज्ञात, ते कोणत्या मोजमापाच्या आधारे, आणि पहिल्या विहिरीपूर्वी की नंतर, याची नोंद आदेशात आहे की नाही, यावर त्या आदेशाचे बळ ठरेल.