मैदानावरचा तास

गेल्या महिन्यांत आमची धाकटी सूनबाई एके दिवशीं शाळेंतून परत आली ती घसा बसूनच. व्यायामशिक्षक रजेवर असल्यामुळें त्यांचा मैदानावरचा तास तिच्या वांट्यास आला होता. ज्या ६० मुलांना ती वर्गांत नुसत्या नजरेनें आवरते, त्यांनाच हांका मारण्यांत तिचा निम्मा तास गेला. "मामंजी, वर्गाला भिंती तरी असतात, मैदानावर मुलें राहायचीं कशांत?" असें तिनें विचारलें.

प्रश्न मुद्द्याचा होता. भिंत नसेल तर ती आंखावी लागते. समजा, झेलाझेलीचा खेळ घ्यावयाचा आहे. दहादहांचे सहा गट, प्रत्येक गटांत पांचांच्या दोन समोरासमोरच्या रांगा, आणि दोघांत एक चेंडू. एवढ्यासाठीं ४० पावलें लांब व २५ पावलें रुंद जागा पुरते. तिच्या चार कोंपऱ्यांवर निशाणें रोवून मध्यें फक्कीची रेघ मारावी. रेघ कुंपणाला भिडवूं नये; धांवतें मूल रेघेवर थांबत नाहीं, तिच्यापुढें दोनतीन पावलें जाऊन थांबतें. पहिल्या दिवशीं सर्व वर्गाला रेघेवरून एक फेरी चालवावी, म्हणजे हद्द पायांना कळते. शिक्षकानें मध्यभागीं उभें राहूं नये, कारण तेथें अर्धा वर्ग पाठीमागें जातो. रेघेबाहेर, ऊन स्वतःच्या तोंडावर घेऊन उभें राहावें. मुलांच्या डोळ्यांवर ऊन आलें, तर वर केलेला हात त्यांना दिसणारच नाहीं.

आतां साहित्य. येथें आम्हीं स्वतः ठेंच खाल्ली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षीं ३० चेंडूंचें पोतें मैदानाच्या मधोमध ओतून आम्हीं "घ्या चेंडू!" असा हुकूम सोडला. ६० मुलें एका ढिगावर तुटून पडलीं, दोन डोकीं एकमेकांवर आदळलीं आणि एका मुलाचा पुढचा दांत तुटला. त्याच्या वडिलांनीं आम्हांला एक शब्दही बोलून दाखविला नाहीं, तें आम्हांला अजून सलतें.

त्यानंतर आम्हीं ढीग कायमचा बंद केला. सहा टोपल्या, प्रत्येकींत पांच चेंडू. मुलें येण्यापूर्वींच प्रत्येक गटाच्या जागेशीं एकेक टोपली ठेवलेली. टोपलीला हात फक्त गटनायकानें लावावयाचा, बाकीच्यांनीं जागेवर बसून राहावयाचें. परत करतांना नायकानें पांच मोजून टोपली उंच धरावयाची. एखादा चेंडू कमी भरला, तर त्याच गटांतील दोघांनीं शोधावयास जावें. सगळा वर्ग शोधूं लागला कीं तास संपलाच म्हणून समजावें.

राहिली खूण. आम्ही दोनच खुणा ठेवीत असूं. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा. लागोपाठ दोन आंखूड म्हणजे चेंडू टोपलींत. परंतु नुसतें 'थांबा' पुरत नाहीं. चेंडू हातांत आहे तोंवर मूल तो आपटणार, आणि आपटतां आपटतां आपलें बोलणें त्याच्या कानांवरून जाणार. म्हणून लांब शिट्टीबरोबर चेंडू पायांजवळ जमिनीवर ठेवावयाचा, बसावयाचें आणि आमच्या वर केलेल्या हाताकडे पाहावयाचें, हा क्रम आम्ही आधीं चेंडूंवांचूनच तीनचार वेळां करून घेत असूं. ज्या मुलाला कमी ऐकूं येतें, त्याच्या जोडीदारानें बसतांना त्याच्या खांद्याला हात लावावा.

शिट्टीनंतर आपण मनांत अंक मोजावे. दहाच्या आंत सर्व बसले, तर खूण जिवंत आहे. आंकडा रोज वाढूं लागला, तर दोष बहुधा आपलाच असतो. एखाद्याला दटावण्यासाठीं किंवा शाबासकीसाठींही आपण शिट्टी फुंकीत असतों, आणि मग मुलें ती ऐकेनाशीं होतात. खो-खोच्या दिवशीं पंचाची शिट्टी चालूच असते, म्हणून त्या दिवशीं वर्गाच्या खुणेला आम्ही डफ घेत असूं. शाळेच्या घंटेसारखें कांहीं वाजवूं नये. तास सुटला असें समजून मुलें फाटकाकडे पळतात!

एका माणसानें याहून मोठा वर्ग बाहेर नेऊं नये, आणि बॅट किंवा विटीदांडू असेल तेव्हां ६० देखील नकोत. सूनबाईला आम्हीं हें स्पष्ट सांगितलें.

परवां तिनें हा सर्व प्रयोग केला. पहिल्या शिट्टीला मोजणी सतरावर गेली, तिसऱ्या खेपेस आठांवर आली. टोपल्या मात्र पांचच भरल्या. सहावींतला एक चेंडू शाळेच्या कौलांवर आहे. उद्यां शिपाई शिडी लावून काढून देणार आहे.