नवा लॅपटॉप : पहिलं खातं कोणाचं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आपल्या घराघरांत नवे लॅपटॉप येऊ लागले आहेत. बहुतेकांवर विंडोज ११ होम असतं. खोका उघडायचा, चार्जर लावायचा, वाय-फायचा पासवर्ड द्यायचा, इथवर सगळं सुरळीत होतं. मग एक पडदा येतो आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटची ईमेल मागतो. घाईत असलेला मुलगा आपली ईमेल ठोकून मोकळा होतो आणि लॅपटॉप आईच्या हातात देतो. "घे आई, झालं!"

झालं खरं, पण काय काय झालं ते पाहू.

उदाहरणासाठी एक घर घेऊ. काकू सत्तरीच्या, मुलाकडे राहतात आणि दर हिवाळ्यात तीन महिने पुण्याला जातात. लॅपटॉपवर त्यांना मराठी वर्तमानपत्रं वाचायची, नातवंडांचे फोटो ठेवायचे, बहिणीशी व्हिडिओवर बोलायचं आणि बँकेचं खातं बघायचं. मुलाने आपल्या खात्यावर लॅपटॉप सुरू करून तोच पिन काकूंना दिला, तर पहिली गोष्ट अशी की त्या लॅपटॉपच्या ॲडमिनिस्ट्रेटर झाल्या. विंडोजमध्ये पहिलं खातं नेहमी ॲडमिनिस्ट्रेटरचंच असतं. दुसरं म्हणजे वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाला असेल, तर काकूंचे फोटो आणि कागदपत्रं मुलाच्या वनड्राइव्हमध्ये जाऊ लागतात. तिथली फुकटची जागा ५ जीबी आहे. ती भरली की दोघांनाही सूचना येत राहतात, आणि कोणाचं काय पुसायचं यावर घरात चर्चासत्र भरतं. तिसरी गंमत किरकोळ आहे. विंडोज खात्याच्या फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून पाडतं, म्हणजे kulkarni ने सुरू होणाऱ्या ईमेलचं `C:\Users\kulka`. अर्धवट आडनाव कायमचं चिकटतं!

चौथी गोष्ट मात्र गंमतीची नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आत शिरलात की आजच्या बहुतेक लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. हे चांगलंच आहे, कारण लॅपटॉप चोरीला गेला तरी आतले कागद कोणाला वाचता येत नाहीत. पण कधी फर्मवेअर अपडेट झाल्यावर किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलल्यावर सुरू होताना निळा पडदा येतो आणि ही की मागतो. ती नसेल तर फोटो गेले म्हणून समजा, मायक्रोसॉफ्टलाही ते उघडता येत नाहीत. पुण्यात सकाळी दहाला काकूंसमोर हा पडदा आला तर इकडे मुलगा झोपलेला असणार. आणि खातं कोणा भाच्याने येता-जाता उघडून दिलेलं असलं, तर ते कुठलं हेही आठवायचं नाही.

म्हणून माझा सल्ला असा. पहिलं खातं घरातल्या त्या माणसाचं असू द्या जो लॅपटॉपची देखभाल करणार आहे, आणि ते खातं असं असावं की ज्याचा पासवर्ड त्याला नक्की ठाऊक आहे. ऑफिसचं खातं अजिबात नको, नाहीतर लॅपटॉपचा कारभार कंपनीकडे जाऊ शकतो. सेटअपमध्ये मध्येच येणाऱ्या ऑफिसच्या, गेमच्या आणि जाहिरातींच्या प्रश्नांना बेलाशक नाही म्हणा. डेस्कटॉप दिसला की लगेच `aka.ms/myrecoverykey` या पत्त्यावर त्याच खात्याने जा. तिथे लॅपटॉपच्या नावासमोर की दिसेल. ती कागदावर छापा, की आयडीची पहिली आठ अक्षरंही त्यावर येऊ द्या (निळ्या पडद्यावर तीच दिसतात, त्यावरून की बरोबर आहे ना ते कळतं), आणि कागद काकूंच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको. बॅग गेली तर कीसकट जाईल.

आता काकूंचं खातं. Settings मध्ये Accounts, तिथे Other users, मग Add account. पुन्हा ईमेल मागेल. तिथे "I don't have this person's sign-in information" निवडा आणि पुढच्या पडद्यावर "Add a user without a Microsoft account". नाव, पासवर्ड आणि तीन सुरक्षा-प्रश्न द्या. फोल्डरला तुम्ही दिलेलंच नाव लागतं. हे खातं स्टँडर्ड प्रकारचं होतं, आणि ते तसंच ठेवायचं. काकूंना ईमेल, ब्राउझर, व्हिडिओ, छपाई, सगळं करता येतं. फक्त सगळ्या यंत्रात बदल करणारं काही बसवायला गेलं की ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड किंवा पिन मागितला जातो, आणि तो मुलाकडे असतो. ॲडमिनिस्ट्रेटरला तिथे नुसतं Yes दाबायचं असतं, आणि "तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय" म्हणून फोन करणारे भामटे नेमकं तेच दाबायला सांगतात.

पण या भिंतीला दार आहे हेही सांगायला हवं. दुरून पडदा ताब्यात घेणारे काही प्रोग्रॅम काहीही न बसवता नुसते चालवता येतात, आणि त्यांना पासवर्ड लागत नाही. तेव्हा असा फोन आला तर ठेवून द्यायचा, हे काकूंना वेगळं सांगावंच लागेल. दुसरी मर्यादा म्हणजे या खात्याचा वनड्राइव्हवर आपोआप बॅकअप होत नाही. महिन्यातून एकदा फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे लागतील. काकू पासवर्ड विसरल्या तर मुलगा आपल्या खात्यातून तो बदलून देऊ शकतो.

राहिली फुकट आलेली पिल्लावळ. ती काढायचं काम ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून, आधी विंडोज अपडेट पुरतं होऊ देऊन करा. Settings, Apps, Installed apps. प्रत्येक नावाच्या उजवीकडे तीन टिंबं असतात, त्यात Uninstall. पहिला बळी ट्रायल अँटीव्हायरसचा. तो असेपर्यंत विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला बसून असतो, आणि मुदत संपत आली की पैशांच्या सूचनांचा मारा होतो. काढून रीस्टार्ट केलं की डिफेंडर आपण होऊन जागा होतो. तो जागा झाला की नाही ते Windows Security मध्ये Virus & threat protection वर पाहा. हिरवी खूण दिसली की झालं. जुन्याचंच नाव दिसत राहिलं तर त्या अँटीव्हायरस कंपनीने सफाईसाठी दिलेला खास प्रोग्रॅम तिच्याच साइटवरून घ्या. लॅपटॉप "साफ" करून देणारे इतर क्लीनर घेऊ नका. एक पाहुणा घालवायला दुसरा बोलावल्यासारखं होतं ते!

काय काढू नये? नावात Realtek, Intel, AMD किंवा NVIDIA असलेलं काहीही, Visual C++ आणि WebView2 Runtime. एखादं काढलं तर आवाज तरी जातो, नाहीतर चालतं सॉफ्टवेअर उघडेनासं होतं. लॅपटॉपच्या कंपनीचा अपडेट करणारा प्रोग्रॅमही राहू द्या, फर्मवेअर बहुधा त्यातूनच येतं. त्याच कंपनीची रजिस्ट्रेशन आणि ऑफर्सची दुकानं मात्र खुशाल काढा.

एवढं करून काकूंच्या खात्यात शिरलात तर सॉलिटेअर आणि मंडळी पुन्हा हजर दिसतील. चक्रावू नका. अँटीव्हायरससारखे जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम काढले की सगळ्यांसाठी जातात, पण स्टोअरमधून येणारी ॲप्स प्रत्येक खात्यात वेगळी बसतात. शिवाय स्टार्ट मेनूतली काही चित्रं नुसती पाटी असतात, दाबलं की मग ॲप उतरतं. काकूंच्या खात्यातूनच त्यांच्यावर राइट-क्लिक करून काढा, पासवर्ड लागत नाही. सॉलिटेअर मात्र आधी काकूंना विचारून काढा.